लिफ्टचा कंट्रोलर आणि पाण्याचे पंप: व्यवस्थापक समितीस आणि सर्व सभासदांस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
तसेच संस्थेचे सर्व सभासद

विषय: लिफ्टचा कंट्रोलर व पंपसंच बदलण्याची शिफारस आणि त्याचा खर्च

सादर नमस्कार.

समितीच्या मागील सभेत दोन निर्णय झाले. लिफ्टच्या कंट्रोलरमधील खराब रिले, म्हणजे विजेने ओढले जाणारे स्विच, बदलून तो आणखी दोन वर्षे चालवायचा, आणि पाण्याच्या पंपाची मोटर पुन्हा एकदा वाइंडिंगला पाठवायची. ही मोटर याआधी तीन वेळा वाइंडिंग होऊन आलेली आहे. सभेपूर्वी मी दिलेल्या अहवालाची दखल इतिवृत्तात ‘सल्लागारांचे मत ऐकून घेतले’ इतक्याच शब्दांत आहे. मत ऐकले आणि नाकारले असते तर मी गप्प बसलो असतो, कारण तो समितीचा अधिकार आहे. परंतु अहवालातील मोजमापे सभासदांपर्यंत पोहोचलीच नाहीत, म्हणून ती या पत्रातून सर्वांसमोर ठेवतो.

या प्रकरणात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. मी सहाव्या मजल्यावर राहतो. विद्युत अभियंता असल्यामुळे दोन वर्षांपूर्वी समितीने मला मानद तांत्रिक सल्लागार नेमले, आणि तेव्हापासून लिफ्ट अडकली की देखभाल कंपनीच्या आधी मला फोन येतो. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जाऊन, मुख्य स्विच बंद करून, ब्रेक हाताने सोडवून, चाक फिरवून लिफ्ट मजल्याशी आणण्याचे काम गेल्या सहा महिन्यांत मी वॉचमनच्या मदतीने पाच वेळा केले आहे. त्यांपैकी एकदा लिफ्ट मजल्याच्या सुमारे दीड फूट वर थांबली होती आणि आतील गृहस्थ दरवाजा ओढून उडी मारण्याच्या बेतात होते. अशा वेळी लिफ्टचा तळ आणि मजला यांच्यामध्ये जी उघडी फट राहते, तिच्यातून माणूस थेट खालच्या खड्ड्यात जाऊ शकतो. मी ओरडून त्यांना थांबवले. माझ्या पत्रात एखाद्या ठिकाणी शब्द कडक वाटले तर त्यामागे हा प्रसंग आहे, कोणाविषयी राग नाही.

आता मूळ मुद्दा. आपली लिफ्ट वारंवार का अडकते, याचे उत्तर लिफ्टमध्ये आहे तितकेच पंपाच्या खोलीतही आहे. ही गोष्ट लक्षात यायला मलाही वेळ लागला. वॉचमनच्या नोंदवहीत पंप सुरू केल्याच्या वेळा असतात आणि लिफ्ट बंद पडल्याच्या नोंदी दुसऱ्या वहीत असतात. दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा सहा महिन्यांतील १४ बिघाडांपैकी ९ बिघाड पंप सुरू केला त्याच मिनिटात झालेले दिसले. सकाळी साडेसहाला, म्हणजे मुले शाळेला निघतात त्याच वेळी पंप सुरू होतो, हा योगायोग आपल्याला महागात पडत आहे.

याचे कारण असे. आपला पंप ५ हॉर्सपॉवरचा आहे आणि तो थेट सुरू होतो. अशी मोटर चालू असताना ७ ते ८ अँपिअर घेण्याइतकी मोठी असते, पण सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या सुमारे सहा पट, म्हणजे ४५ अँपिअरपर्यंत ओढते. निरोगी पंपात हा झटका सेकंदभरात ओसरतो. आपल्या पंपाचे बेअरिंग झिजले आहेत, त्यामुळे त्याला वेग घ्यायला तीन ते चार सेकंद लागतात. लिफ्ट आणि पंप एकाच जुन्या केबलवर आहेत. पंप सुरू होताना मशीन रूममध्ये मीटर लावून पाहिले, तर ३९२ व्होल्टचा दाब ३५१ पर्यंत उतरतो. ही घट साडेदहा टक्के आहे. घरातील दिवा क्षणभर मंद होऊन सावरतो, तेवढीच. नवीन यंत्रणेने तिच्याकडे लक्षही दिले नसते.

आपला कंट्रोलर मात्र १९९६ चा आहे आणि रिलेवर चालतो. प्रत्येक मजल्याच्या दरवाजाच्या कुलपात एक विद्युत संपर्क आहे, आणि आठही मजल्यांचे संपर्क माळेतल्या मण्यांसारखे एकामागे एक जोडलेले आहेत. सगळे दरवाजे बंद असतील तरच माळ पूर्ण होते आणि लिफ्ट हलते. ही रचना अत्यंत योग्य आहे आणि नव्या कंट्रोलरमध्येही ती राहणारच आहे. अडचण अशी की तीस वर्षांच्या वापराने प्रत्येक संपर्कावर काजळी आणि गंज चढला आहे आणि प्रत्येक ठिकाणी एक-दोन व्होल्ट वाया जातात. पॅनेलमधून ११० व्होल्ट निघतात आणि माळेच्या शेवटी रिलेपर्यंत ९७ पोहोचतात. पंप सुरू झाला की तेच ९७ उतरून ८७ होतात.

रिलेचा एक स्वभाव येथे समजून घ्यावा लागेल. एकदा ओढला गेलेला रिले कमी दाबावरही धरून राहतो, पण नव्याने ओढला जायला त्याला ठरलेल्या दाबाच्या साधारण ८५ टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत ९३ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. म्हणून लिफ्ट सरळ वेगात जात असताना पंप सुरू झाला तर काहीच होत नाही. मात्र मजला जवळ आल्यावर वेग कमी करण्याची वेळ असेल, तर वेगवान फेऱ्यांचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज देणारा मोठा रिले, सुटतो, संथ फेऱ्यांचा ओढला जात नाही, ब्रेक पडतो आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये उभी राहते. बिघाड ‘कधी होतो, कधी होत नाही’ अशी जी तक्रार आपण दोन वर्षे ऐकत आहोत, तिचे उत्तर हेच आहे. देखभाल कंपनीचा मेकॅनिक अर्ध्या तासाने येतो तेव्हा पंप शांतपणे चालू असतो, दाब सावरलेला असतो, लिफ्ट पहिल्या फटक्यात चालते, आणि तो ‘दोष आढळला नाही’ असे लिहून जातो. त्याची त्यात फारशी चूक नाही.

येथे मला माझी स्वतःची चूक मान्य केली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी ‘संपर्क साफ करून घ्या, भागेल’ असा सल्ला मीच दिला होता. सफाईनंतर माळेच्या शेवटी १०४ व्होल्ट मिळू लागले आणि मी निर्धास्त झालो. तीन महिन्यांत तो आकडा पुन्हा ९७ वर आला, कारण संपर्कांवरील चांदीचा मुलामा कधीच झिजून गेला आहे आणि खालचा उघडा धातू लगेच काळवंडतो. म्हणून समितीने आता ठरवलेली रिले बदलण्याची दुरुस्ती माझ्या त्याच चुकीची दुसरी आवृत्ती ठरेल, असे मला वाटते. शिवाय त्या मापाचे रिले आता नवे मिळत नाहीत. गेल्या वर्षी बसवलेले दोन रिले दुसऱ्या इमारतीतून उतरवलेल्या पॅनेलमधले होते, हे बिलावर लिहिलेले नसले तरी त्यांच्या पायांवरील जुन्या डागांवरून सहज कळते.

आता माझ्या तक्रारी क्रमाने मांडतो.

पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार सुरक्षिततेची आहे. चार महिन्यांपूर्वी मला पॅनेलमध्ये दोन टोकांना चिमटे असलेली एक वायर लावलेली आढळली. पाचव्या मजल्याच्या कुलपाचा संपर्क दाद देत नव्हता, म्हणून मेकॅनिकने तपासणीसाठी तो वायरने जोडून वगळला आणि वायर काढायची विसरून गेला. त्या स्थितीत पाचव्या मजल्याचा दरवाजा उघडा असतानाही लिफ्ट चालली असती. वायर किती दिवस तशीच होती, ते मला शोधता आले नाही. मी ती काढली, छायाचित्र घेतले आणि समितीला त्याच दिवशी लेखी कळवले. त्या पत्राला आजतागायत उत्तर नाही. ज्या यंत्रणेत संपर्क रोज दगा देतात तेथे मेकॅनिकला असा आडमार्ग काढण्याचा मोह पुन्हा पुन्हा होणार, हे सांगायला अभियंता लागत नाही.

दुसरी तक्रार पंपाची. पंप किती पाणी देतो हे कोणीही मोजू शकतो, त्याला महागडे उपकरण लागत नाही. गच्चीवरच्या टाकीचा तळ ३ मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे साडेसात चौरस मीटर आहे. खाली जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास पंप चालवला, तर पातळी ४४ सेंटिमीटर वाढली. म्हणजे ३,३०० लिटर, मिनिटाला ११० लिटर. या उंचीला ५ हॉर्सपॉवरच्या पंपाने याच्या दुपटीहून अधिक पाणी द्यायला हवे. आतील इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे चक्र, आणि त्याच्या भोवतीची कडी झिजल्यामुळे उचललेले पाणी पंपाच्या आतच गोल फिरते. वाइंडिंगने मोटर नवी होईल, पंपाची झीज तशीच राहील. आपल्या २८ सदनिकांना दिवसाला साधारण १७,००० लिटर पाणी लागते. त्यासाठी पंप रोज अडीच तासांहून अधिक चालतो, तो दीड तासाच्या आत थांबायला हवा.

राखीव पंप तर नावापुरता उरला आहे. त्याचे सुटे भाग काढून चालू पंपाला लावलेले आहेत. चालू पंप बंद पडला त्या मे महिन्यात आपण तीन दिवस टँकर मागवले, ते याच कारणाने.

तिसरी तक्रार खर्चाच्या हिशेबाची. गेल्या तीन वर्षांत देखभाल कराराबाहेर लिफ्टच्या सुट्या भागांवर ७४,००० रुपये आणि पंपावर, टँकर धरून, ४९,००० रुपये गेले. ही रक्कम वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या शीर्षकांखाली असल्यामुळे वार्षिक अहवालात कोठेच एकत्र दिसत नाही. सभासदांसमोर ‘सहा लाखांचा नवा खर्च’ आणि ‘नऊ हजारांची दुरुस्ती’ असे दोनच पर्याय ठेवले गेले, आणि अशा मांडणीत कोणीही नऊ हजारच निवडेल.

माझी शिफारस पुढीलप्रमाणे आहे. लिफ्टचे यंत्र, दोर, ब्रेक आणि केबिन ठेवावेत. मोटरच्या इन्सुलेशनची चाचणी मी घेतली असून ती समाधानकारक आहे. फक्त कंट्रोलर बदलून मोटरचा वेग हळूहळू चढवणारा आणि उतरवणारा ड्राइव्ह असलेला नवीन कंट्रोलर बसवावा. त्याच्यामुळे लिफ्ट मजल्याशी काही मिलिमीटरच्या फरकाने थांबेल. आज ब्रेकच्या भरवशावर ती भरलेली असताना एके ठिकाणी आणि रिकामी असताना दुसऱ्या ठिकाणी थांबते. त्याच्यासोबत बॅटरीवर चालणारी आपत्कालीन यंत्रणा घ्यावी, म्हणजे वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्याला जाऊन थांबेल. मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो: दरवाजांची कुलपे न बदलता केवळ कंट्रोलर बदलला, तर मूळ दुखणे तसेच राहील. समितीकडे आलेले सर्वांत स्वस्त दरपत्रक नेमके कुलपे आणि शाफ्टमधील वायरिंग वगळून दिलेले आहे, म्हणूनच ते स्वस्त आहे.

लिफ्टचा अंदाजित खर्च असा: ड्राइव्ह आणि आपत्कालीन बॅटरीसह कंट्रोलर १,८५,००० रुपये, केबिनबरोबर फिरणारी केबल, शाफ्टमधील वायरिंग आणि सेन्सर ६२,०००, केबिन व आठही मजल्यांची बटणे आणि दर्शक ४८,०००, कुलपांचे आठ संच ४०,०००, बसवणे आणि चाचणी ३५,०००. ही बेरीज ३,७०,००० होते आणि १८ टक्के जीएसटी धरून ४,३६,६०० रुपये.

पंपांच्या बाबतीत ५ ऐवजी ३ हॉर्सपॉवरचे दोन पंप घ्यावेत, असे मी सुचवतो. हे वाचून काही सभासदांच्या भुवया उंचावतील, पण मोठा पंप म्हणजे जास्त पाणी हा समज आपल्या इमारतीत खरा ठरलेला नाही. जमिनीखालच्या टाकीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंतची उंची आणि पाइपमधील घर्षण धरून सुमारे ३४ मीटरचा भार होतो. त्यावर मिनिटाला २०० लिटर देणारा ३ हॉर्सपॉवरचा पंप पुरेसा आहे, आणि तो सुरू होताना आजच्या दोन तृतीयांशच वीजप्रवाह ओढेल. दोन पंप ६८,००० रुपये, पाण्याची पातळी ओळखून आळीपाळीने पंप चालवणारे आणि टाकी रिकामी असल्यास ते बंद ठेवणारे पॅनेल ३८,०००, पाइप व व्हॉल्व्ह २२,०००, बसवणे १२,०००. एकूण १,४०,००० आणि जीएसटीसह १,६५,२०० रुपये.

दोन्ही कामे मिळून ६,०१,८०० रुपये होतात. जुन्या भिंतीतून वायर काढताना काहीतरी निघतेच, म्हणून ३०,००० रुपये राखीव धरले तर ६,३१,८०० रुपये. दुरुस्ती निधीतून ३,५०,००० रुपये घेतल्यास प्रत्येक सदनिकेला सुमारे १०,१०० रुपये येतात, आणि ते तीन हप्त्यांत घेता येतील. तळमजल्यावरील सभासदांचा आक्षेप मला ठाऊक आहे. आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा देखभाल व दुरुस्तीचा खर्च, लिफ्ट वापरली जावो वा न जावो, त्या इमारतीतील सर्व सभासदांनी समान वाटून घ्यायचा असतो. तरीही त्यांचे म्हणणे सभेत नीट ऐकले जावे.

विजेच्या बचतीचे आमिष मी कोणाला दाखवणार नाही. नव्या पंपामुळे दिवसाला सुमारे ४ युनिट वाचतील, म्हणजे महिन्याला १,३०० ते १,५०० रुपये. त्या हिशेबाने पंपाची किंमत वसूल व्हायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागेल. हा खर्च बचतीसाठी नाही, हे सभासदांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

नव्या यंत्रणेचेही काही नखरे आहेत. ड्राइव्हला उष्णता सोसत नाही. आपली मशीन रूम पत्र्याखाली आहे, उन्हाळ्यात तेथे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, त्यामुळे हवा बाहेर काढणारा पंखा आणि तपासलेले अर्थिंग या कामाआधीच हवे. आपत्कालीन यंत्रणेची बॅटरी साधारण तीन वर्षांनी बदलावी लागेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काही कंपन्या कंट्रोलरची सेटिंग आपल्या पासवर्डखाली बंद ठेवतात, त्यामुळे पुढे दुसऱ्या कोणाकडून दुरुस्ती करून घेता येत नाही. तो पासवर्ड, वायरिंगचे नकाशे आणि सेटिंगची यादी संस्थेच्या ताब्यात मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. या एका अटीवर मी अडून बसेन.

कामाला लिफ्ट आठ ते दहा दिवस बंद राहील. वरच्या मजल्यावरील वृद्ध आणि आजारी सभासदांना महिनाभर आधी तारीख कळली, तर ते आपली सोय लावू शकतील.

माझ्या मागण्या अशा आहेत.

एक, मोटर वाइंडिंगचा आणि रिले बदलण्याचा निर्णय स्थगित करून तीस दिवसांच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी, आणि सभेच्या सूचनेसोबत माझा मूळ अहवाल मोजमापांसह प्रत्येक सभासदाला द्यावा.

दोन, तिन्ही दरपत्रके एकाच कामाच्या यादीवर पुन्हा मागवावीत. ठेकेदार परवानाधारक असावा, आणि राज्याच्या २०१७ च्या उद्वाहन कायद्यानुसार लिफ्टमधील बदलासाठी निरीक्षकांची आवश्यक ती परवानगी काम सुरू होण्याआधी घ्यावी. माझ्या मोजमापांवर कोणाला शंका असेल, तर त्रयस्थ अभियंत्याकडून ती पुन्हा करून घ्यावीत. मी मीटर आणि वह्या दोन्ही उपलब्ध करून देईन.

तीन, पॅनेलमधील वायरविषयीच्या माझ्या पत्राला लेखी उत्तर द्यावे, आणि यापुढे कोणताही सुरक्षा संपर्क वगळल्यास त्याची वेळ, कारण आणि पुन्हा जोडल्याची सही नोंदवहीत घेण्याचे देखभाल कंपनीवर बंधन घालावे.

चार, सभा होईपर्यंत पंप सकाळी साडेसहाऐवजी पहाटे पाचला आणि दुपारी तीनला सुरू करावा. याला एक पैसाही लागत नाही आणि वॉचमनने तयारी दाखवली आहे. पंप सुरू करण्यापूर्वी लिफ्ट तळमजल्यावर उभी आहे, एवढे त्याने पाहावे. लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकली तर आतील व्यक्तीने स्वतः बाहेर पडण्याचा प्रयत्न करू नये, अशी ठळक सूचना केबिनमध्ये आजच लावावी. तिचा मजकूर मी लिहून सचिवांकडे दिला आहे.

या चारपैकी शेवटच्या मागणीला कोणाच्या ठरावाची गरज नाही. बाकीच्या तीन मागण्यांवरील समितीचे म्हणणे मला सूचना फलकावर, सर्वांना वाचता येईल असे, पंधरा दिवसांत हवे आहे.

आपला,
सहाव्या मजल्यावरील एक सभासद
व संस्थेचा मानद तांत्रिक सल्लागार